वजावट सारखी, कुलूप वेगळे

आयकर कायद्याच्या कलम ८०सी खाली येणारी कोणतीही योजना दुसऱ्या योजनेपेक्षा एक रुपयाही जास्त कर वाचवत नाही. पीपीएफमध्ये साठ हजार भरा, ईएलएसएस फंडात भरा, विम्याच्या हप्त्यात भरा किंवा पाच वर्षांच्या करबचत ठेवीत ठेवा, करपात्र उत्पन्नातून वजा होतात ते साठ हजारच. वर्षाची एकूण मर्यादा दीड लाखाची. २०१४ च्या अर्थसंकल्पात ती एक लाखावरून दीड लाख झाली आणि तिथेच थांबली. म्हणजे ‘कर वाचतो’ हा गुण सगळ्या योजनांत सारखाच आहे, आणि जो गुण सगळ्यांत सारखा असतो त्यावरून निवड करता येत नाही. तरीही नोकरीला लागलेल्या मुलामुलींना दर जानेवारीत, कंपनीने गुंतवणुकीचे पुरावे मागितले की, कराच्याच नावाने योजना विकल्या जातात.

या विक्रीमागे तीन समजुती आहेत. त्या तपासून बाजूला केल्याशिवाय नीट निवड होणार नाही.

पहिली समजूत अशी: दीड लाखाची मर्यादा भरलीच पाहिजे, नाहीतर फुकटचा कर जातो.

ही समजूत पूर्वी बरीचशी खरी होती. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मात्र नवी करप्रणाली मूळ प्रणाली झाली. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते, आणि ८०सी ची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. पुढे २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य झाला. पगारदाराला त्यावर पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळते. म्हणजे वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असणाऱ्याला, दुसरे उत्पन्न नसेल तर, कर भरायचाच नाही. नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली बहुतेक मुले या रेषेच्या आतच असतात. सहा लाख पगाराच्या मुलीला ‘कर वाचेल’ म्हणून वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात मारणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध विकणे आहे.

रेषेच्या वर असणाऱ्यांचे काय? एक हिशेब मांडू. मुंबईत नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा तरुण. पगार पंधरा लाख, त्यात मूळ वेतन साडेसात लाख आणि घरभाडे भत्ता पावणेचार लाख. दरमहा अडतीस हजार भाडे भरतो, त्यामुळे हा भत्ता पूर्ण करमुक्त ठरतो. आरोग्य विम्याचा हप्ता पंचवीस हजार. पीएफ मूळ वेतनाच्या बारा टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला नव्वद हजार कापला जातो. व्यवसायकरासारख्या किरकोळ बाबी सोडून देऊ.

नव्या प्रणालीत त्याचा कर उपकरासह ९७,५०० रुपये होतो. जुन्या प्रणालीत पन्नास हजारांची प्रमाणित वजावट, घरभाडे, आरोग्य विमा आणि पीएफचे नव्वद हजार वजा केल्यावर करपात्र उत्पन्न ९,६०,००० उरते आणि कर १,०८,६८० होतो. आता विक्रेता म्हणतो, दीड लाखातले साठ हजार शिल्लक आहेत, ते भरा, १२,४८० रुपये वाचतील. आकडा बरोबर आहे. पण साठ हजार भरल्यावर कर होतो ९६,२००. नव्या प्रणालीत, काहीही न भरता, तो ९७,५०० होता. म्हणजे साठ हजार रुपये वर्षानुवर्षे अडकवून खरी बचत झाली तेराशे रुपयांची. विक्रेत्याने जुन्या प्रणालीची जुन्याच प्रणालीशी तुलना केली, आणि तरुणासमोर असलेला दुसरा रस्ता दाखवलाच नाही.

याच तरुणावर शैक्षणिक कर्ज असेल तर चित्र बदलते. स्वतःच्या शिक्षणासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज कलम ८०ई खाली पूर्ण वजा होते. त्याला वरची मर्यादा नाही, फक्त आठ वर्षांची मुदत आहे. वर्षाचे व्याज एक लाख धरा. आता साठ हजार भरण्याआधीच जुन्या प्रणालीतला कर ८७,८८० होतो, म्हणजे नव्यापेक्षा ९,६२० रुपयांनी कमी. साठ हजार भरले तर तो ७५,४०० वर येतो. इथे १२,४८० रुपयांची बचत खरी आहे, कारण जुनी प्रणाली आधीच जिंकलेली आहे.

म्हणून पहिला प्रश्न ‘कुठे भरू?’ हा नसून ‘न भरता कोणती प्रणाली स्वस्त पडते?’ हा आहे. पगारदाराला प्रणाली दरवर्षी बदलता येते आणि विवरणपत्र भरतानाही निवडता येते. मात्र ते मुदतीत भरले पाहिजे. मुदत उलटली की जुनी प्रणाली निवडता येत नाही, आणि तिच्या भरवशावर अडकवलेले पैसे वजावटीविनाच अडकून राहतात. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना तर अशी दरवर्षी ये-जा करता येत नाही, त्यांनी अधिकच जपून निवडावे. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात ८०सी ची जागा कलम १२३ घेते. क्रमांक बदलतो, विचाराची रीत तीच राहते.

दुसरी समजूत शिकल्यासवरल्या मुलांची आहे: ईएलएसएसचे कुलूप तीनच वर्षांचे, सगळ्यांत छोटे, म्हणून तरुणांसाठी तोच उत्तम.

यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. तीन वर्षे ही पैसे काढण्यावरची बंदी आहे, पैसे वाढण्याची मुदत नव्हे. ईएलएसएस फंडाला किमान ऐंशी टक्के रक्कम शेअरांत ठेवावी लागते, आणि तुमचे कुलूप कधी उघडते याच्याशी शेअरबाजाराला काही देणेघेणे नसते.

प्रत्यक्ष काय झाले ते पाहा. ३१ मार्च २०१७ रोजी निफ्टी ९,१७४ च्या आसपास होता. त्या दिवशी घाईने कर वाचवणाऱ्यांची तीन वर्षे ३१ मार्च २०२० रोजी पुरी झाली, तेव्हा करोनाच्या धक्क्याने निफ्टी ८,५९८ वर आला होता. लाभांश सोडून मोजले तर साठ हजारांचे सुमारे छप्पन्न हजार झाले होते. आठवडाभर आधी, २३ मार्चला, निर्देशांक ७,६१० वर होता, म्हणजे तीन वर्षांपूर्वीपेक्षा सतरा टक्क्यांनी खाली. आणि आणखी एक वर्ष थांबलेल्याला ३१ मार्च २०२१ रोजी निफ्टी १४,६९१ च्या घरात दिसला. त्याचे तेच साठ हजार निर्देशांकाच्या मापाने शहाण्णव हजारांवर गेले होते. प्रत्येक फंड निर्देशांकासारखाच चालतो असे नाही, पण मुद्दा स्पष्ट आहे. ज्याला मार्च २०२० मध्ये लग्नासाठी किंवा घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे लागणार होते त्याचा तोटा झाला, आणि ज्याला लागणार नव्हते त्याचे काही बिघडले नाही. दोघांचे कुलूप सारखेच होते. फरक गरजेच्या तारखेत होता.

यावर एक हुशार प्रतिवाद केला जातो. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह २०.८ टक्के कर वाचलेला असतो, म्हणजे सतरा टक्क्यांची घसरण झाली तरी माणूस नफ्यातच राहतो. प्रतिवाद तपासण्याजोगा आहे, पण टिकत नाही. तीच वजावट पीपीएफलाही मिळाली असती आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रालाही. मग तिचे श्रेय ईएलएसएसच्या खात्यावर कसे लिहायचे? शिवाय वाचलेला कर महिन्यामहिन्याच्या पगारात थोडा थोडा विरघळून खर्च होतो, डाउन पेमेंटच्या दिवशी तो हातात नसतो. आणि वर पाहिले त्याप्रमाणे, जुनी प्रणाली जिंकत नसेल तर हा आधार मुळातच नसतो.

एसआयपी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक हप्त्याचे कुलूप स्वतंत्र असते. एप्रिल २०२५ चा हप्ता एप्रिल २०२८ मध्ये मोकळा होतो, मार्च २०२६ चा मार्च २०२९ मध्ये. ‘एसआयपी सुरू करून तीन वर्षे झाली, आता सगळे पैसे निघतील’ असे समजून बयाणा देऊन बसलेल्याची पंचाईत होते.

तिसरी समजूत घराघरांतून येते: जोखीम नको, पैसे बुडता कामा नयेत, म्हणून पॉलिसी घे.

या सल्ल्यामागे माया असते आणि पूर्वीच्या पिढीचा अनुभवही असतो. मात्र जोखीम म्हणजे फक्त मुद्दल कमी होणे, ही व्याख्या अपुरी आहे. पैशाची वाढ महागाईच्या मागे पडणे ही एक जोखीम आहे, आणि गरजेच्या वेळी पैसा न मिळणे ही दुसरी. बचतीच्या पारंपरिक पॉलिसीत, जिला एंडोमेंट म्हणतात, या दोन्ही एकत्र येतात. वर्षाला साठ हजार हप्त्याच्या पॉलिसीचे विमाकवच अनेकदा हप्त्याच्या दहापटीच्या आसपास, म्हणजे सहा लाखांच्या घरात असते. कारण १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत हप्ता विमारकमेच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तरच तो पूर्ण वजावटीला पात्र ठरतो, आणि विकणारा ती अट जेमतेम पुरी करतो. पंधरा लाख कमावणाऱ्याच्या पश्चात सहा लाख म्हणजे पाच महिन्यांचा पगारही नाही. वाढीचा दर अशा पॉलिसींत साधारणपणे पाच-सहा टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि नोकरी सुटली, हप्ता थांबला, तर पहिल्या काही वर्षांत भरलेले पैसेही पुरते परत मिळत नाहीत. दोन वर्षांचे हप्ते भरण्याआधीच पॉलिसी बंद पडली, तर आधी घेतलेली वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत मिळवली जाते.

सुरक्षितता हवी ना? मग ती दोन वेगळ्या ठिकाणी घ्या. घराच्या रक्षणासाठी शुद्ध मुदतविमा, ज्यात पैसे परत मिळत नाहीत पण थोड्या हप्त्यात मोठे कवच मिळते. त्याचाही हप्ता ८०सी मध्येच मोजला जातो. आणि मुद्दल सांभाळण्यासाठी पीपीएफ.

पीपीएफवर मात्र उलट बाजूने अन्याय होतो. ‘पंधरा वर्षे कोण थांबणार?’ म्हणून तरुण त्याच्याकडे पाहतच नाहीत. पण पीपीएफचे कुलूप पंधरा वर्षे एकसारखे घट्ट नसते. २०२५-२६ मध्ये खाते उघडले तर पंधरा वर्षे ३१ मार्च २०२६ पासून मोजली जातात आणि खाते १ एप्रिल २०४१ ला मुदत पुरी करते. पण तिसऱ्या वर्षापासून त्यावर कर्ज मिळू शकते, आणि एप्रिल २०३१ पासून वर्षातून एकदा काही रक्कम काढता येते. चार वर्षांपूर्वीच्या आणि मागल्या वर्षाच्या अखेरच्या शिलकीपैकी जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत. व्याज करमुक्त, नव्या प्रणालीतही. महिन्याच्या पाच तारखेनंतर भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, एवढे लक्षात ठेवून पाच तारखेच्या आत भरावे.

म्हणून सगळा पैसा पीपीएफमध्येच घालावा असेही नाही. तिथेही एक जोखीम आहे, व्याजदराची. दर सरकार तिमाहीला ठरवते. १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत तो बारा टक्के होता, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. आईवडिलांनी पीपीएफवर घर बांधले असेल, तर त्यांना बारा टक्क्यांची साथ होती, हे त्यांच्या मुलांनी विसरू नये.

इतके खंडन झाल्यावर, करावे काय?

माझे म्हणणे असे. दीड लाखाची मर्यादा हे भरण्याचे उद्दिष्ट नाही. ती एक चौकट आहे, आणि तिच्यातली बरीच जागा पगारातून आधीच भरलेली असते. त्यातून उरलेली जागा, आणि जुनी प्रणाली खरोखर स्वस्त पडत असेल तरच, पैसा कधी लागणार आणि आपल्याकडे कोणत्या प्रकारचा पैसा आधीच साचतो आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांनी भरावी.

शैक्षणिक कर्ज असलेला तोच तरुण पुन्हा घेऊ. पगारपत्रक पाहिले तर दीड लाखातले नव्वद हजार पीएफने व्यापले आहेत. कंपनीचा वाटा त्याखेरीज जमा होतो. तो ८०सी मध्ये धरत नाहीत, पण पैसा त्याचाच आहे. म्हणजे दरवर्षी त्याची मोठी रक्कम व्याजाच्या, मुद्दल सुरक्षित असलेल्या जागी जातेच आहे. त्याच्या बचतीतली सुरक्षित बाजू भरलेली आहे, मोकळी आहे ती वाढीची बाजू. उरलेले साठ हजारही पीपीएफमध्ये किंवा ठेवीत टाकले, तर सत्ताविसाव्या वर्षी सगळीच बचत व्याजावर बसवल्यासारखे होईल, आणि चढउतार सोसायला सगळ्यांत जास्त वर्षे त्याच्याच हातात आहेत.

मग वाटणी अशी बसते. आईवडील त्याच्यावर अवलंबून आहेत, म्हणून आधी मुदतविमा. त्याचा हप्ता बारा हजार धरू. उरले अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे दरमहा चार हजारांची ईएलएसएस एसआयपी. हे पैसे निदान सात वर्षे लागणार नाहीत असे मनाशी पक्के असले पाहिजे. कुलूप उघडल्यावर ते काढायची सक्ती नसते. काढताना वर्षाच्या सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, हेही हिशेबात धरावे. आणि पीपीएफचे खाते पाचशे रुपयांनी आत्ताच उघडून ठेवावे, दरवर्षी किमान पाचशे भरत राहावे. पंधरा वर्षांचे घड्याळ आज सुरू झाले तर पस्तिशीत, पगार वाढल्यावर, मोठी रक्कम भरताना कुलूप निम्म्याहून अधिक संपलेले असेल.

पीएफ नसलेल्या, कंत्राटी नोकरीतल्या मुलीचे उत्तर वेगळे येईल. तिची सुरक्षित बाजू रिकामी आहे, शिवाय नोकरी कधी थांबेल याचा भरवसा नाही. तिने आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे कोणत्याही कुलपाविना साध्या ठेवीत बाजूला काढावेत, त्यावर वजावट मिळत नसली तरी. त्यानंतर जुनी प्रणाली परवडत असेल तर पीपीएफ आणि ईएलएसएस अशी साधारण निम्मी-निम्मी वाटणी करावी. एकाच वयाच्या दोघांची दोन उत्तरे येतात, कारण वयाइतकाच महत्त्वाचा असतो तो पगारामागचा आधार.

आणि पैसे तीन-चार वर्षांत लागणार असतील तर? तर या चौकटीत त्यांच्यासाठी योग्य जागाच नाही. ईएलएसएसचे कुलूप उघडेल, पण भाव तुमच्या बाजूने असेलच असे नाही. करबचत ठेव पाच वर्षे मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. बचत प्रमाणपत्रही पाच वर्षांचे. एनपीएस तर मुख्यतः साठीसाठी आहे, पन्नास हजारांची जादा वजावट दिसली म्हणून विशीतल्या माणसाने डाउन पेमेंटचे पैसे तिथे नेऊ नयेत. अशा पैशाची वजावट सोडून द्यावी आणि तो साध्या आवर्ती ठेवीत साठवावा. कर थोडा जास्त गेला तरी चालेल. गरजेच्या दिवशी चौदा-पंधरा टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज काढावे लागले, तर वाचवलेल्या करापेक्षा जास्त व्याज जाऊ शकते.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. सक्ती नसेल तर तरुण बचतच करत नाहीत, ८०सी च्या निमित्ताने का होईना पैसा बाजूला पडतो. नव्या प्रणालीने ते निमित्तही काढून घेतले. हे मला मान्य आहे. कुलपाचा एक खरा उपयोग आहे. बाजार पडला की घाबरून विकणारा हात ते धरून ठेवते, आणि मार्च २०२० मध्ये कुलपामुळेच न विकता आलेल्यांचे त्यात भलेच झाले. पण सक्तीसाठी करबचतीचे निमित्तच लागते असे नाही. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाणारा हप्ता हीही सक्तीच आहे. ती साध्या फंडालाही लावता येते आणि आवर्ती ठेवीलाही, आणि आजारपण आले तर पैसा हाताशी राहतो. शिस्त हवी म्हणून वीस वर्षांचे चुकीचे कुलूप विकत घेण्याचे कारण नाही.

म्हणून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला सांगणे एवढेच: मार्चची वाट पाहू नका. एप्रिलमध्येच पगारपत्रक समोर घ्या. पीएफ किती कापला जातो ते पाहा. काहीही नवे न भरता दोन्ही प्रणालींतला कर काढा, आयकर विभागाच्या संकेतस्थळावर त्यासाठी गणनयंत्र आहे. नवी प्रणाली स्वस्त निघाली तर ८०सी विसरून जा आणि गुंतवणूक तिच्या स्वतःच्या गुणांवर करा. जुनी निघाली तर उरलेली जागा मोजा आणि प्रत्येक रुपयाला विचारा, तू मला कधी लागणार आहेस? ज्या योजनेचे कुलूप त्या तारखेच्या आधी उघडते आणि जिच्यातला चढउतार त्या तारखेपर्यंत सोसता येतो, तीच योजना तुमची. सही करण्यापूर्वी विकणाऱ्याला या दोन गोष्टी कागदावर लिहून द्यायला सांगा. तो देत नसेल, तर सही करू नका.